अडीच टक्क्यांची घट : एचडी १८९७३३ बी चे अधिक्रमण मोजताना

जंबुक तारकासमूहात डंबेल तेजोमेघाच्या किंचित पूर्वेला, पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीइतक्या अंतरावर, ७.७ प्रतीचा एक नारंगीसर तारा आहे. एचडी १८९७३३ हे त्याचे नाव. तो आपल्यापासून सुमारे ६४.५ प्रकाशवर्षांवर आहे. दर २ दिवस ५ तास १५ मिनिटांनी त्याचा प्रकाश साधारण अडीच टक्क्यांनी उतरतो आणि पावणेदोन तासांच्या आसपास पुन्हा पहिल्यासारखा होतो. गुरूपेक्षा थोडा मोठा ग्रह त्याच्या बिंबासमोरून जातो म्हणून हे घडते. फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी २००५ साली हा ग्रह, एचडी १८९७३३ बी, जाहीर केला. आधी वर्णपटातून ग्रहाच्या ओढीने होणारे ताऱ्याचे डोलणे सापडले आणि मग तिथल्याच १.२ मीटरच्या दुर्बिणीने ही घट टिपली.

शुक्राचे अधिक्रमण ज्यांनी २००४ किंवा २०१२ साली पाहिले त्यांनी सूर्यबिंबावर सरकणारा काळा ठिपका पाहिला. त्या वेळी सूर्याचा प्रकाश जेमतेम ०.१ टक्का कमी झाला होता. इथे उलटे आहे. घट पंचवीस पट मोठी, पण बिंब दिसण्याचा प्रश्नच नाही. तारा कॅमेऱ्यात एक ठिपका, आणि आपल्या हातात फक्त त्या ठिपक्याचा एकूण प्रकाश. म्हणून सगळे काम एका प्रश्नाशी येऊन थांबते : मोजलेली घट ताऱ्याची आहे, की हवेची, दुर्बिणीची किंवा कॅमेऱ्याची?

हा तारा आम्ही निवडतो याचे कारण घटीची खोली. आठ इंची दुर्बिणीला अडीच टक्के सहज पेलतात. बाहेरून कुणी आपला सूर्य मोजत असेल तर पृथ्वीमुळे त्याला ०.००८४ टक्के घट दिसेल, वर्षातून एकदा, जास्तीत जास्त तेरा तास. ते जमिनीवरून कुणालाच जमत नाही. शिवाय कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असावी लागते. तसे असण्याची शक्यता ताऱ्याची त्रिज्या भागिले कक्षेची त्रिज्या इतकी असते. एचडी १८९७३३ बी साठी हा आकडा ११ टक्के येतो, पृथ्वीसाठी अर्धा टक्काही नाही. ताऱ्याला चिकटून फिरणारे मोठे ग्रह आधी का सापडले ते यातून कळते.

कोणती रात्र

ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, उत्तर २२.७ अंश आहे. महाराष्ट्रातून तो जवळजवळ डोक्यावरून जातो. पावसाळा सरल्यावर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा संध्याकाळचा हंगाम. दिवाळीचे चार-पाच दिवस मात्र आम्ही सोडूनच देतो, कारण फटाक्यांचा धूर आकाशात सगळीकडे सारखा पसरत नाही आणि पुढे दिसेल तसे, असमान धूर हाच खरा शत्रू आहे. एप्रिल-मेमध्ये तारा पहाटे सापडतो, पण उजाडण्याची घाई असते.

अधिक्रमणाची वेळ ठरवताना आवर्तकाळ मनात घोळवावा लागतो. ९ आवर्तने म्हणजे १९ दिवस २३ तास १३ मिनिटे. त्यामुळे आज रात्री ९ वाजता मध्य असेल तर वीस दिवसांनी तो ८ वाजून १३ मिनिटांनी येईल. हंगामात पूर्ण हाती लागतील अशा रात्री मोजक्याच निघतात. घट १०८ मिनिटांची असली तरी तिच्या आधी आणि नंतर किमान पाऊण-पाऊण तास सपाट भाग लागतो. तो नसेल तर 'घट कशापासून' हेच ठरत नाही. म्हणजे साडेतीन-चार तास सलग.

घड्याळाकडे दुर्लक्ष झाले तर बाकी सगळे नीट करूनही आकडा निरुपयोगी ठरतो. कॅमेऱ्याचा संगणक इंटरनेटवरच्या वेळेशी रात्री सुरुवातीलाच जुळवायचा आणि मध्ये एकदा तपासायचा. नोंद भारतीय वेळेत की जागतिक वेळेत, हे फाइलच्या शीर्षभागात पाहून घ्यायचे. साडेपाच तासांची चूक लगेच लक्षात येते, पण छायाचित्राच्या सुरुवातीची वेळ मध्याची म्हणून धरली गेली तर कुणालाच कळत नाही. त्यानंतर पृथ्वी कक्षेत कुठे आहे याची दुरुस्ती. या ताऱ्याचा प्रकाश पृथ्वीवर सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रापेक्षा वर्षाच्या काळानुसार सहा मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोहोचतो. शिवाय जागतिक वेळ आणि समान गतीने चालणारी वेळ यांत सध्या ६९ सेकंदांचा फरक आहे. अधिक्रमणाच्या तक्त्यांत वेळा बहुधा या दोन्ही दुरुस्त्या केलेल्या असतात, आपल्या कॅमेऱ्यात नसतात.

मुद्दाम बिघडवलेला फोकस

आमची जुळणी साधी आहे : आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन, ०.६३ पटीचा फोकल रिड्यूसर, म्हणजे फोकल लांबी सुमारे १२८० मिलिमीटर. मागे ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा, एपीएस-सी आकाराचा कृष्णधवल सीमॉस कॅमेरा. एका पिक्सेलमध्ये ०.६ विकला, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या ०.६ पट, आणि पूर्ण चित्रात एक अंश गुणिले पाऊण अंशाहून थोडे कमी आकाश बसते. पुढे लाल फिल्टर. फिल्टर प्रकाश खातो हे खरे, पण इथे प्रकाशाची टंचाई नाही.

उलट प्रकाश जास्त होतो. नेमक्या फोकसमध्ये ताऱ्याचा प्रकाश मोजक्या पिक्सेलमध्ये गोळा होतो आणि दहा सेकंदांच्या आतच मधला पिक्सेल भरायला येतो. एकदा तो भरला की त्यापुढचा प्रकाश मोजलाच जात नाही. याचा परिणाम फसवा असतो. तारा तेजस्वी असताना प्रकाश कापला जातो, मंद असताना कापला जात नाही, त्यामुळे घट उथळ दिसते. वेळेनुसार काढलेला प्रकाशाचा वक्र मात्र देखणा आणि गुळगुळीत येतो. हवा स्थिर होऊन ठिपका आक्रसला की आकडा अचानक खाली जातो, यावरून शंका घ्यावी. खात्री करायला प्रत्येक चित्रातला सर्वांत तेजस्वी पिक्सेल वेगळा छापून घ्यायचा. १६ बिटांच्या कॅमेऱ्यात तो ४०,००० च्या खाली राहील असे आम्ही बघतो.

उपाय म्हणजे फोकस काढून टाकणे. ताऱ्याची वीसेक पिक्सेल व्यासाची कडी दिसेपर्यंत नॉब फिरवायचा. प्रकाश तीनशे पिक्सेलमध्ये वाटला जातो, कुठलाही पिक्सेल भरत नाही आणि २० सेकंदांचे चित्र निवांत घेता येते. लांब चित्राचा खरा फायदा वेगळाच आहे. एवढ्या तेजस्वी ताऱ्यात मोजणीतला गोंधळ प्रकाशकणांच्या संख्येमुळे फार होत नाही, ताऱ्याच्या लुकलुकण्यामुळे होतो. आठ इंची दुर्बिणीत, तारा बऱ्यापैकी वर असताना, दहा सेकंदांच्या चित्रात लुकलुकीमुळे ०.३५ टक्के फरक पडतो. एका मिनिटाची सरासरी घेतली की तो ०.१४ टक्क्यावर येतो. हा आकडा ताऱ्याच्या तेजावर अवलंबून नाही, दुर्बिणीचा व्यास, तारा किती वर आहे आणि किती वेळ प्रकाश गोळा केला यावर आहे. फक्त मोठी दुर्बीण किंवा जास्त वेळ, याखेरीज त्यावर इलाज नाही.

फोकस बाहेर काढला की एक गोष्ट सांभाळावी लागते. रात्र थंड होत जाते, नळी आकुंचन पावते आणि कडीचा व्यास बदलतो. मोजणीचे वर्तुळ घट्ट बसवले असेल तर कडीची कड बाहेर सांडते. म्हणून वर्तुळ कडीच्या व्यासाच्या दीडपट तरी ठेवायचे आणि रात्रभर तेच ठेवायचे. या ताऱ्याला ११ विकलांवर एक लाल बटू जोडीदार आहे. त्याच्या कडीचा काही भागही या वर्तुळात येतो. तो एकूण प्रकाशाच्या एक टक्काही भरत नाही, म्हणून २.४१ टक्क्यांची घट २.३९ च्या आसपास दिसेल, इतकेच. शेजारी तेवढाच तेजस्वी तारा असता तर मात्र घट निम्मी झाली असती. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

दव ऑक्टोबरमध्ये हमखास पडते. पुढच्या काचेवर धुके जमू लागले की सगळेच तारे एकत्र मंदावतात आणि सुरुवातीला काही बिघडल्यासारखे वाटत नाही, कारण गुणोत्तर टिकते. मग काचेची एक बाजू आधी भिजते आणि गुणोत्तर ढळते. दव-पट्टा पहिल्या चित्राआधीच चालू करायचा, धुके दिसल्यावर नव्हे. काचेचे तापमान मध्येच बदलले तर फोकसही बदलतो.

तुलनातारे आणि मध्यरेषेचा पेच

एकट्या ताऱ्याचा प्रकाश मोजून काही मिळत नाही. हवेमुळे तो तासाभरात दहा-वीस टक्क्यांनी सहज बदलतो. म्हणून त्याच चित्रातल्या स्थिर ताऱ्यांशी त्याचे गुणोत्तर काढतो. अडचण अशी की चित्रात एचडी १८९७३३ एवढे तेजस्वी तारे फारसे नाहीत. एकाच मंद ताऱ्याशी तुलना केली तर त्या ताऱ्याचा गोंधळ आपल्या वक्रात येतो. आम्ही पाच-सहा तारे घेऊन त्यांच्या प्रकाशाची बेरीज हा मापदंड धरतो. डंबेल तेजोमेघाच्या आत किंवा कडेला असलेला तारा घेत नाही, कारण पार्श्वभूमी काढताना तेजोमेघाचा प्रकाश वजा होतो आणि तो जागेनुसार बदलतो. प्रत्येक तुलनातारा उरलेल्यांशी ताडून बघायचा. एखादा स्वतःच चलतारा निघाला तर याच टप्प्यावर कळतो.

रंगाचे महत्त्व इथे आहे. आपला तारा के प्रकारचा, सूर्याहून थंड, सुमारे ५,००० केल्विन. हवा निळा प्रकाश जास्त गाळते. तुलनातारे निळे असतील तर ते खाली उतरताना आपल्या ताऱ्यापेक्षा जास्त मंदावतात आणि गुणोत्तर वाढते. आता हा तारा डोक्यावरून जातो हे आठवा. अधिक्रमणाचा मध्य मध्यमंडलाजवळ, म्हणजे डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मध्यरेषेजवळ आला, तर आधी आणि नंतर तारा सारखाच खाली असतो. म्हणजे गुणोत्तर दोन्ही टोकांना वर आणि मधे खाली, अगदी घटीसारखेच. हवेने तयार केलेली ही खोटी घट खऱ्या घटीत मिसळते आणि ग्रह आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. गणिताने दोन्ही वेगळे काढणे अवघड, कारण दोघांचा आकार एकच. फिल्टर न लावता काढलेल्या वक्रांत हा दोष सर्वाधिक आढळतो. लाल फिल्टर आणि शक्य तितके नारंगी तुलनातारे घेतले की तो जवळपास नाहीसा होतो.

डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्याची दुसरी अडचण माउंटची, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीची. जर्मन पद्धतीच्या माउंटला मध्यमंडल ओलांडताना दुर्बीण पलटवावी लागते. चित्र १८० अंशांनी फिरते, तारे कॅमेऱ्याच्या वेगळ्या पिक्सेलवर पडतात आणि वक्रात पायरी तयार होते. ही पायरी अर्ध्या टक्क्याची असली तरी चालते, पण ती घटीच्या उतारावर आली तर त्या रात्रीचा निकाल संपलाच. म्हणून रात्र निवडतानाच मध्यमंडलाची वेळ आणि अधिक्रमणाच्या चार संपर्कवेळा, म्हणजे ग्रह बिंबाच्या कडेला टेकण्याचे क्षण, शेजारी शेजारी लिहून काढतो. काही माउंट मध्यमंडलानंतर तासभर न पलटता चालतात, तेवढी सूट वापरून घ्यायची. पलट टाळता येणारच नसेल तर ती घटीच्या तळाशी, सपाट भागात करायची.

फ्लॅट चित्रे म्हणजे सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाची चित्रे, त्यांवरून धुळीच्या सावल्या दुरुस्त होतात. त्यांच्याबद्दल एवढेच सांगतो की ती त्याच फोकसला, त्याच फिल्टरने आणि कॅमेरा न हलवता घ्यायची. धुळीचा कण एक टक्का सावली पाडतो आणि तारा रात्रीत तीस पिक्सेल सरकला तर तो त्या सावलीतून जातो. ऑटोगायडर नसेल तर माउंटच्या वर्म या दंतचक्राची आवर्ती चूक वक्रात उमटते. पुष्कळ माउंटमध्ये तिचा काळ आठ मिनिटांच्या आसपास असतो. वक्रात आठ मिनिटांची लहर दिसली, की ताऱ्याचा चित्रातला क्ष-निर्देशांक शेजारी काढून बघायचा. दोन्ही एकत्र हलत असतील तर ती लहर आकाशातली नाही.

वक्र वाचताना

चित्रे दुरुस्त करून, मोजून, गुणोत्तर काढून सपाट भाग १ वर आणला की समोर जे येते त्यात चार क्षण असतात. ग्रहाची कड ताऱ्याच्या कडेला बाहेरून टेकते, ग्रह पूर्ण आत येतो, पुन्हा आतून कडेला टेकतो आणि बाहेर पडतो. या ताऱ्यासाठी पहिल्या ते चौथ्या क्षणात १०८ मिनिटे, दुसऱ्या ते तिसऱ्यात ६०. म्हणजे उतरायला आणि चढायला प्रत्येकी २४ मिनिटे. खोली, एकूण वेळ आणि उताराची वेळ या तीनच मापांतून पुढचे सगळे निघते.

खोलीतून त्रिज्यांचे गुणोत्तर मिळते. ग्रह ताऱ्याच्या बिंबाचा जेवढा भाग झाकतो तेवढा प्रकाश कमी, आणि झाकलेला भाग त्रिज्येच्या गुणोत्तराचा वर्ग. पण ताऱ्याचे बिंब कडेला मंद आणि मध्याला तेजस्वी असते. त्यामुळे तळ सपाट न राहता थोडा गोल होतो आणि मध्यावरची घट निव्वळ वर्गापेक्षा थोडी जास्त भरते. प्रारूप बसवताना कडेच्या मंदपणाचे गुणांक ताऱ्याच्या तापमानावरून आणि फिल्टरवरून तक्त्यातून घ्यायचे. आठ इंची दुर्बिणीच्या वक्रावरून ते काढायला गेलात तर गुणांक गोंधळ शोषून घेतात आणि त्रिज्या भलतीकडे जाते.

उताराची वेळ सांगते की ग्रह बिंबाच्या मधून गेला की कडेजवळून. मधून जाणारा ग्रह कड झटकन ओलांडतो, कडेजवळून जाणारा तिरका ओलांडतो आणि वेळ घेतो. इथे ग्रहाचा मार्ग ताऱ्याच्या केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे दोन-तृतीयांश अंतरावरून जातो. एकूण वेळ, आवर्तकाळ आणि हा मार्ग एकत्र केले की कक्षेची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या ८.८६ पट येते. केप्लरचा तिसरा नियम लावला की एक अनपेक्षित गोष्ट हाती येते, ताऱ्याची घनता. इथे Rp ग्रहाची, Rs ताऱ्याची आणि a कक्षेची त्रिज्या, P आवर्तकाळ, G गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक आणि rho घनता :

```
k = Rp/Rs = sqrt(0.0241) = 0.155
rho = 3*pi*(a/Rs)^3 / (G*P^2)
    = 9.425 * 695.5 / (6.674e-11 * (191685 s)^2)
    = 2670 kg/m^3
```

सूर्याची सरासरी घनता १,४१० किलोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे हा तारा सूर्याच्या जवळपास दुप्पट दाट. सूर्याहून लहान, थंड ताऱ्याला शोभणारा आकडा आहे. ही घनता कुठल्याही वर्णपटाशिवाय, फक्त घड्याळ आणि प्रकाशमापनावरून आली. आम्ही हा आकडा आधी तपासतो. तो वर्णपटावरून ठरलेल्या प्रकाराशी जुळला नाही, तर एकतर वक्रात दोष आहे किंवा घट वेगळ्याच ताऱ्याची आहे.

प्रारूप बसवताना सॉफ्टवेअर हवेची जाडी, ताऱ्याची चित्रातली जागा, कडीचा व्यास, आकाशाची उजळ अशा अनेक गोष्टींची दुरुस्ती एका खुणेने जोडू देते. मोह आवरायचा. प्रत्येक जोड अवशेष, म्हणजे मोजणी आणि प्रारूप यांतला उरलेला फरक, थोडा कमी करते आणि तेवढाच घटीचाही लचका तोडते. आम्ही हवेच्या जाडीपासून सुरुवात करतो, आणि दुसरी जोड फक्त तेव्हाच घेतो जेव्हा अधिक्रमणाबाहेरच्या भागात तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो. जोड घातल्यावर खोली ०.१ टक्क्याहून जास्त बदलली तर त्या रात्रीच्या खोलीवर विश्वास ठेवत नाही, फक्त मध्याची वेळ ठेवतो.

मध्याची वेळ जास्त टिकाऊ असते, कारण ती दोन उतारांच्या सममितीवरून ठरते. मिनिटाला एक बिंदू आणि प्रत्येकात ०.२ टक्के गोंधळ धरला तर गणिताने चूक १७ सेकंदांच्या आसपास येते. प्रत्यक्षात लागोपाठचे बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. हवा पाच-दहा मिनिटे एकाच बाजूला झुकते. तपासायचे असेल तर अवशेष पाच, दहा, वीस मिनिटांच्या गटांत सरासरी करून बघायचे. बिंदू चौपट केल्यावर गोंधळ निम्मा झाला नाही, तर चूक तितक्या पटीने वाढवायची. आमच्याकडे ती बहुधा पाऊण ते एक मिनिटावर जाते आणि तीच आम्ही लिहितो.

एचडी १८९७३३ बद्दल एक खास सावधगिरी. हा तारा डागाळलेला आहे. साधारण १२ दिवसांत तो स्वतःभोवती फिरतो आणि डागांमुळे त्याचे तेज एक-दोन टक्के वरखाली होते. ग्रह डागावरून गेला तर तो आधीच मंद असलेला भाग झाकतो आणि घटीच्या तळात छोटा उंचवटा येतो. हबल दुर्बिणीच्या वक्रांत असे उंचवटे स्वच्छ दिसले आहेत. आठ इंची दुर्बिणीत तसा उंचवटा दिसला तर आधी तुलनाताऱ्यांच्या वक्रांत त्याच मिनिटाला काय झाले ते बघावे. बहुतेक वेळा पातळ ढग सापडतो. तुलनाताऱ्यांचा कच्चा प्रकाश २०-३० टक्क्यांनी पडला असेल ती चित्रे काढून टाकलेलीच बरी. ज्या डागांवरून ग्रह जात नाही त्यांचा परिणाम उलटा होतो : बिंबाचा एकूण प्रकाश कमी, झाकलेला भाग मात्र स्वच्छ, त्यामुळे घट प्रमाणात खोल भासते.

हीच घट अनोळखी ताऱ्यात दिसली तर

इथे ग्रह आहे हे आधीच माहीत असते. ग्रह शोधणाऱ्या टेससारख्या उपग्रहाला नवीन ताऱ्यात अशीच अडीच टक्क्यांची घट दिसली तर तिला ग्रह म्हणण्याआधी बराच काथ्याकूट होतो. गुरूएवढी घट लहान तारासुद्धा घडवू शकतो, कारण सर्वांत लहान लाल बटू तारे आकाराने गुरूएवढेच असतात. त्यांना ओळखायचे ते वस्तुमानावरून. वर्णपटातल्या डोलण्याचा वेग इथे सेकंदाला सुमारे २०५ मीटर आहे. ग्रहाच्या जागी तारा असता तर तो सेकंदाला कित्येक किलोमीटर भरला असता.

दुसरी फसवणूक शेजाऱ्याची. टेसच्या एका पिक्सेलची बाजू २१ विकला आहे. एवढ्या जागेत तेजस्वी ताऱ्याच्या मागे एखादे मंद ग्रहणकारी तारकायुग्म दडलेले असू शकते. ते युग्म स्वतः निम्मे मंदावत असेल, पण त्याचा प्रकाश एकूण प्रकाशाचा पाच टक्केच असेल, तर बाहेरून अडीच टक्क्यांची घट दिसते. वर जोडीदाराचा जो हिशेब केला त्याचीच ही दुसरी बाजू. इथे लहान दुर्बिणी खऱ्या कामाला येतात. ०.६ विकलांच्या पिक्सेलमध्ये शेजारी वेगळे दिसतात, आणि भाकीत केलेल्या वेळी नेमका कोण मंदावतो ते एका रात्रीत कळते. या कामात फोकस बिघडवायचा नाही. मुख्य तारा भरून गेला तरी चालेल, शेजारी वेगळे राहिले पाहिजेत.

शेजारी इतका जवळ असेल की वेगळा दिसणारच नाही, तर दोन खुणा बघतात. एकाआड एक घटींची खोली वेगळी आली तर दोन तारे आलटून पालटून एकमेकांना झाकत आहेत आणि खरा आवर्तकाळ दुप्पट आहे. आणि निळ्या व लाल फिल्टरमधली खोली बरीच वेगळी आली तर घट वेगळ्या रंगाच्या ताऱ्याची आहे. ग्रह जवळजवळ काळा असल्याने सगळ्या रंगांत सारखेच झाकतो. वक्र तळ नसलेल्या व्ही आकाराचा असणे हीसुद्धा शंकेची जागा आहे, पण तेवढ्यावरून निकाल देऊ नये. कडेला घासून जाणारा खरा ग्रहही तसाच वक्र देतो.

गुणोत्तरापुढे

घटीतून मिळते ते ०.१५५ हे गुणोत्तर. ग्रहाची त्रिज्या हवी असेल तर ताऱ्याची आणावी लागते आणि तिथे मतभेद आहेत. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.७५ पट धरली तर ग्रह गुरूच्या १.१३ पट येतो. माउंट विल्सनवरच्या चारा व्यतिकरणमापकाने ताऱ्याचा कोनीय व्यास थेट मोजला आहे. त्यावरून ०.८०५ ही त्रिज्या घेतली तर ग्रह १.२१ पट होतो. घट तीच, वक्र तोच. आमची मोजणी दहापट चांगली झाली तरी हा फरक मिटणार नाही.

एक राशी मात्र या वादातून सुटते. ग्रहाच्या पृष्ठभागावरचे गुरुत्व काढायला ताऱ्याची त्रिज्या किंवा वस्तुमान लागतच नाही. डोलण्याचा वेग, आवर्तकाळ आणि ग्रहत्रिज्येचे कक्षेशी गुणोत्तर पुरते. ते गुणोत्तर ०.१५५ भागिले ८.८६, म्हणजे ०.०१७५. उत्तर सेकंद वर्गाला २२ मीटर येते, गुरूपेक्षा किंचित कमी. ग्रहाचे तापमान सुमारे १,२०० केल्विन आणि वातावरण मुख्यतः हायड्रोजनचे धरले, तर या गुरुत्वाखाली दर २०० किलोमीटर उंचीला हवेचा दाब सुमारे २.७ पटीने कमी होतो. या एका थरामुळे घटीच्या खोलीत ०.०११ टक्क्याचा फरक पडतो. सोडियम ज्या तरंगलांबीला प्रकाश शोषतो तिथे ग्रह असे काही थर जास्त मोठा दिसतो, निळ्याकडे जाताना धुरकटपणामुळे हळूहळू मोठा होत जातो. आठ इंची दुर्बिणीत मिनिटाचा गोंधळ ०.१४ टक्के आहे, म्हणजे एका थराच्या बारापट. कागदावर दीडशे मिनिटांची सरासरी हे अंतर भरून काढते, पण लागोपाठच्या बिंदूंची मिलीभगत ती भरू देत नाही. म्हणून हे वाचन हबलने आणि मोठ्या दुर्बिणींवरच्या वर्णपटमापकांनी केले. आमच्या नोंदीत राहतात मध्याची वेळ, तिची खरी चूक, आणि रात्र चांगली असेल तर खोली.